१००% सबसिडरीचं फास्ट-ट्रॅक मर्जर: मंजुऱ्या खरंच किती लागतात?

प्रश्न: आमची नागपुरात प्रायव्हेट लिमिटेड आहे, तिची १००% सबसिडरी बुटीबोरीत. सीए म्हणतात की एनसीएलटीत, म्हणजे कंपनी न्यायाधिकरणात, न जाता ६० दिवसांत मर्जर होतं. घरचीच कंपनी घरात घ्यायची तर मंजुऱ्या नक्की कोणाकोणाच्या लागतात?

उत्तर: मी कंपनी सेक्रेटरी, म्हणजे सीएस आहे, धंतोलीत प्रॅक्टिस करतो. तुमच्यासारखंच एक प्रकरण माझ्या हातून गेलंय. आई-कंपनी हिंगण्याला आणि सबसिडरी बुटीबोरीला. त्याच्याच आधारानं सांगतो.

सीए चूक नाहीत, पण त्यांचे ६० दिवस केंद्र सरकारच्या रीजनल डायरेक्टरकडे, म्हणजे आरडीकडे, फाइल पोहोचल्यावर सुरू होतात. आमच्या प्रकरणात पहिल्या बोर्ड मीटिंगपासून हातात ऑर्डर पडेपर्यंत आठ महिने गेले, आणि आरडीकडचा काळ त्यात सगळ्यात लहान होता.

कंपनी कायद्याचं कलम २३३ एनसीएलटीची पायरी काढून टाकतं. शेअर बदलून द्यायचे नसल्यानं व्हॅल्युएशनची भानगडही सहसा राहत नाही, कारण आई-कंपनीकडचे सबसिडरीचे शेअर सरळ रद्द होतात. बाकीचं मात्र करावंच लागतं. दोन्ही कंपन्यांनी CAA-9 या फॉर्ममध्ये आरओसी, म्हणजे कंपनी रजिस्ट्रार, आणि ऑफिशियल लिक्विडेटरला नोटीस देऊन ३० दिवस हरकती मागवायच्या. लिक्विडेटरचं ऑफिस नागपुरातच आहे, तेवढी एक धावपळ वाचते. मग दोन्ही कंपन्यांच्या डायरेक्टरांनी CAA-10 मध्ये लिहून द्यायचं की कंपनी देणी फेडू शकते आणि वर्षभरात दिवाळखोर होणार नाही. त्यानंतर सभासद आणि क्रेडिटर यांची संमती, आणि शेवटी CAA-11 मध्ये आरडीकडे मर्जरची योजना.

लोक अडकतात ते संमतीत, आणि तेही सबसिडरीच्या नाही, आईच्या बाजूला. कायदा म्हणतो, एकूण शेअरांपैकी ९०% धारकांची मंजुरी हवी. हजर राहून मत देणाऱ्यांचे ९०% नाही, एकूण शेअरांचे. एनसीएलटीच्या रस्त्यानं गेलं तर मत देणाऱ्यांमध्ये मूल्याच्या तीन-चतुर्थांशाचा हिशोब असतो, म्हणजे घरी बसलेला माणूस मोजला जात नाही. इथे घरी बसलेला माणूस म्हणजे तुमच्या विरोधातलं मतच.

आमच्या आई-कंपनीत २,००,००० शेअर होते. दोघे भाऊ आणि जवळचे नातेवाईक मिळून १,७८,०००, म्हणजे ८९%. उरलेले ११% पुण्यातल्या चुलत भावाकडे. त्याचं काही वाकडं नव्हतं, पण वाटणीच्या वेळचा एक जुना राग होता आणि तो दहा वर्षांत एकाही सभेला आला नव्हता. हवे होते १,८०,००० शेअर, म्हणजे दोन हजारांसाठी अख्खी योजना अडली. शेवटी थोरल्या भाऊंनी पुण्याला जाऊन त्याच्याकडून प्रॉक्सी लिहून आणली. प्रॉक्सीचं मत हात वर करून घेतलेल्या मतदानात धरत नाहीत, म्हणून आम्ही मुद्दाम पोल घेतला. चार माणसांच्या सभेत मतपत्रिका पाहून सगळे हसत होते, पण कागद पक्का झाला.

क्रेडिटरांचंही तेच. मूल्यानं नऊ-दशांश हवेत, पण इथे एक सोय आहे: सभा न घेता लेखी संमती चालते. आई-कंपनीची देणी ७ कोटी, त्यातले ६ कोटी २० लाख एकाच बँकेचे. बँक हो म्हणाली तरी ८८.५७ टक्केच होतात. आणि बँक नाही म्हणाली तर बाकी सगळ्यांच्या सह्या जमवूनही उपयोग नाही. म्हणून बँकेचं पत्र, आणि वर किमान १० लाखांच्या सप्लायरांच्या सह्या. सह्या आठवड्यात झाल्या. बँकेच्या पत्राला तीन महिने लागले, कारण ब्रांच म्हणे झोनल ऑफिसला विचारतो, आणि झोनल ऑफिस म्हणे गहाणखतात कोणत्या कंपनीचं नाव राहणार ते आधी सांगा. सबसिडरीकडे उलट: ३ कोटींच्या देण्यांपैकी २ कोटी ७५ लाख आईचंच कर्ज, म्हणजे आईच्या एका सहीत ९१ टक्क्यांवर. आकडा पुरत होता, तरी मी बाहेरच्या सप्लायरांच्याही सह्या घेतल्या. फक्त घरच्याच कर्जावर क्रेडिटरांची संमती दाखवली तर हरकतीला आयतं निमित्त मिळतं.

आता माझी चूक सांगतो, कारण तुमच्याकडेही हे असण्याची शक्यता मोठी आहे. १००% सबसिडरी म्हणतो खरी, पण प्रायव्हेट कंपनीला किमान दोन सभासद लागतातच. म्हणून एक शेअर कोणाच्या तरी नावावर असतो. आमच्याकडे ५०,००० शेअरांपैकी एक संस्थापकांच्या पत्नीच्या, सगळ्यांच्या काकूंच्या नावावर होता. काकू २०१९ मध्ये गेल्या. सर्टिफिकेट गोदरेजच्या कपाटात लग्नाच्या अल्बमखाली निघालं. शेअर खरा आई-कंपनीचाच आहे, हे सांगणारे MGT-4, MGT-5 आणि MGT-6 कधी भरलेच नव्हते. मी सभासदांचं रजिस्टर नोटीस काढण्याआधी उघडायला हवं होतं, ते उघडलं आरओसीचा प्रश्न आल्यावर: कागदावर आई-कंपनीचे ४९,९९९ आहेत, मग पूर्ण मालकी कशी? त्या शेअरचं नामांतर मोठ्या मुलाच्या नावावर करून, MGT-4 आणि MGT-5 घेऊन MGT-6 लेट फीसकट भरून उत्तर देईपर्यंत दोन महिने गेले.

सप्टेंबर २०२५ च्या दुरुस्तीनंतर १००% नसलेली सबसिडरीसुद्धा या रस्त्यानं जाऊ शकते, फक्त विलीन होणारी कंपनी लिस्टेड नको. म्हणून काही जण म्हणतात की आता त्या एका शेअरची काळजी नको. हे मला पटत नाही. तो शेअर बाहेरच्याचा ठरला तर त्याला बदल्यात काहीतरी द्यावं लागेल, आणि व्हॅल्युएशन मागच्या दारानं परत येईल. त्याच दुरुस्तीत CAA-11 भरायची मुदत सभेनंतर ७ दिवसांवरून १५ दिवस झाली, तो फायदा मात्र खरा.

आरडीकडे हरकत नसेल तर CAA-12 मध्ये ऑर्डर येते. ६० दिवसांत काहीच नाही आलं तर मंजूर समजतात, पण त्या समजण्यावर विसंबू नका. बँकेला आणि एमआयडीसीला हातात कागद लागतो. आरडीला योजना क्रेडिटरांच्या किंवा जनतेच्या हिताविरुद्ध वाटली तर ते प्रकरण एनसीएलटीकडे पाठवू शकतात. ऑर्डर मिळाल्यापासून ३० दिवसांत आरओसीकडे INC-28 भरायचा.

बुटीबोरीच्या प्लॉटचं आधीच पाहा. लीज सबसिडरीच्या नावावर असेल तर एमआयडीसीत नाव बदलणं वेगळं, आणि ट्रान्सफर चार्ज लागतो का ते लेखी विचारून घ्या. शेअर दिले नाहीत म्हणून स्टॅम्प ड्युटीचा विषय संपला असंही धरू नका. महाराष्ट्रात जागा असेल तर ऑर्डर कलेक्टर ऑफ स्टॅम्प्सकडे अॅडज्युडिकेशनला न्या, म्हणजे ड्युटी ठरवून घ्या.

जीएसटीत एक गंमत आहे. योजनेत मर्जर लागू व्हायची तारीख १ एप्रिलची असली तरी ऑर्डर येईपर्यंत दोन कंपन्यांनी एकमेकींना दिलेल्या मालावर टॅक्स लागतोच, तिथे त्या वेगळ्याच धरतात. म्हणून मधल्या महिन्यांची बिलं थांबवू नका. सबसिडरीकडे उरलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट नंतर ITC-02 नं आईकडे येतं, सीएच्या सर्टिफिकेटसह.

तुमच्या सबसिडरीच्या रजिस्टरमध्ये दुसरं नाव कोणाचं आहे आणि आई-कंपनीत १०% च्या आसपास कोण आहे, एवढं खाली लिहा, मग पुढचं सांगता येईल.