हळू आवाजातच खरखर का येते?

तुमच्या पुश-पुल अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज मोठा केल्यावर बरा आणि हळू ठेवल्यावर खरखरीत येत असेल, तर आधी बायस, म्हणजे सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टर किंचित चालू ठेवणारा व्होल्टेज, तपासा. एनपीएन ट्रान्झिस्टर लाटेचा वरचा अर्धा भाग सांभाळतो, पीएनपी खालचा. पण दोघांनाही चालू व्हायला बेस-एमिटरवर सुमारे ०.६ व्होल्ट लागतात. त्यामुळे शून्याच्या दोन्ही बाजूंना ०.६ व्होल्टपर्यंत दोघेही बंद असतात आणि ऑसिलोस्कोपवर लाट शून्यापाशी सपाट दिसते. हीच क्रॉसओव्हर विकृती. १ व्होल्ट शिखराच्या सिग्नलमधले जेमतेम ०.४ व्होल्ट बाहेर येतात. १० व्होल्टच्या सिग्नलमध्ये तेवढीच खाच फारशी जाणवत नाही.

असा बायस नसलेला अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे क्लास बी. त्याची कार्यक्षमता कागदावर ७८.५ टक्के, क्लास एची ट्रान्सफॉर्मर जोडूनही ५०. क्लास एमध्ये ट्रान्झिस्टर सतत पूर्ण चालू असल्याने ही खाच नसते, पण सिग्नल नसतानाही तो तापतो. म्हणून नवशिक्याने दोन्हींच्या मधला, थोडासाच बायस दिलेला क्लास एबीच घ्यावा.

दोन्ही बेसच्या मध्ये हा बायस देणारे एका ट्रान्झिस्टरचे सर्किट, म्हणजे व्हीबीई मल्टिप्लायर, लावा आणि त्याचा ट्रान्झिस्टर आउटपुटच्याच हीटसिंकवर घट्ट बसवा. तापल्यावर प्रत्येक आउटपुट ट्रान्झिस्टरला लागणारा बायस अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. बायस सोबत उतरला नाही तर करंट वाढत जाऊन ट्रान्झिस्टर जळतात. मल्टिप्लायरचा बायस ठरवणारा प्रीसेट किमान बायसवर ठेवूनच सप्लाय द्या. इनपुट शॉर्ट करा, स्पीकर काढा, ०.४७ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर १० मिलिव्होल्ट येईपर्यंत प्रीसेट हळूहळू फिरवा. म्हणजे सुमारे २१ मिलिअँपिअर. पंधरा मिनिटांनी, हीटसिंक तापल्यावर, पुन्हा मोजा.