टायरवरून हात फिरवून बघ

पुढच्या डाव्या टायरची आतली कड गुळगुळीत झाली म्हणून लगेच 'कॅम्बर गेला', म्हणजे चाकाचा कल बिघडला, असं ठरवू नकोस. आधी टायर थंड असताना त्याच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरव, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर.

एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं बोचत असेल, तर दोष 'टो'चा. टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकं पुढे एकमेकांकडे वळलेली की फाकलेली. फाकलेली असतील तर आतली कड झिजते, आत वळलेली असतील तर बाहेरची. चाक सरळ लोळण्याऐवजी थोडं घासत जातं, म्हणून हा दोष टायर सगळ्यात लवकर खातो. खड्ड्यात आपटून टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकाला वळवणारा दांडा, वाकला की हेच होतं.

बोचत नाही, पण एकच कड सपाट झालीय? मग कॅम्बर बघ, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल. वरची बाजू आत झुकली तर आतली कड जाते. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर फिरवायची सोयच नसते, तिथे वाकलेला भाग शोधावा लागतो.

तिसरा कोन कॅस्टर, बाजूने पाहिलं तर सायकलच्या पुढच्या चिमट्याच्या तिरपेपणासारखा. तो सहसा टायर झिजवत नाही. दोन्ही बाजूंना वेगळा असला की गाडी एकीकडे ओढते.

दोन्ही कडा सारख्याच झिजल्या असतील तर अलाइनमेंटवर, म्हणजे हे कोन जुळवून घेण्यावर, पैसे घालू नकोस, हवा कमी आहे.