करिअर मार्गदर्शन : दहापटीची एक चूक आणि ओ.डी.चा आकडा

प्रश्न : मॅडम, मी नाशिकमध्ये एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. सिन्नरजवळच्या एका जैविक खत कारखान्यात मुलाखत झाली. द्रवरूप ॲझोटोबॅक्टरच्या नमुन्याची एक लाखपट विरलनाची प्लेट होती, ०.१ मिली पसरवलेली, त्यावर २१२ कॉलनी. दहा लाखपट विरलनाच्या प्लेटवर २४. मी मिलीला २ कोटी १२ लाख सीएफयू, म्हणजे कॉलनी देणारे जीव, असे लिहिले आणि बॅच नापास सांगितली. ते फक्त हसले. नंतर विचारले, ‘वाढीच्या वक्रात ओ.डी., म्हणजे द्रवाच्या गढूळपणाचे वाचन, स्थिर असताना प्लेटवरचा आकडा का घसरतो?’ मला सांगता आले नाही. मी किण्वन विभागासाठी प्रयत्न करावा की गुणवत्ता नियंत्रणासाठी, आणि तयारी कशी करावी?

उत्तर : ते का हसले असतील, तिथूनच सुरुवात करू. तुमच्या गणितात ०.१ मिली हरवले आहे. त्या प्लेटवर विरल द्रवाचा एक मिलीलिटर नव्हे, त्याचा दहावा भाग पडला होता. म्हणजे विरल द्रवाच्या पूर्ण मिलीमध्ये २१२० कॉलनी देणारे जीव होते, आणि त्याला एक लाखाने गुणले की मूळ नमुन्यात मिलीला २१ कोटी २० लाख सीएफयू येतात. सूत्र असे आहे, आणि त्यातला V विसरणे ही या विषयातली सर्वांत सामान्य चूक आहे :

CFU/ml = N / (V × D)

यात N म्हणजे कॉलनींची संख्या, V म्हणजे प्लेटवर टाकलेले मिलीलिटर आणि D म्हणजे विरलन, इथे 10⁻⁵. पोअर प्लेट पद्धतीने पूर्ण १ मिली टाकला असता तर तुमचे उत्तर बरोबर ठरले असते. त्यामुळे मुलाखतीत किंवा कामावर असा कागद हाती आला की कॉलनी मोजण्याआधी ‘किती टाकले आहे’ हे पाहण्याची सवय लावून घ्या.

ही चूक तिथे इतकी बोचण्याचे कारणही समजून घ्या. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार द्रवरूप ॲझोटोबॅक्टरमध्ये मिलीला किमान १० कोटी सीएफयू असावे लागतात. तुमच्या उत्तराने ज्या बॅचला नापास केले ती प्रत्यक्षात मर्यादेच्या दुपटीहून अधिक भरत होती. चूक उलट्या दिशेने झाली असती, तर निकामी माल दिंडोरीच्या एखाद्या द्राक्षबागेत गेला असता.

दुसऱ्या प्लेटवरच्या २४ कॉलनींकडेही दुर्लक्ष करू नका. त्यांचे उत्तर २४ कोटी येते, पण ते अहवालात लिहायचे नसते, कारण साधारणपणे ३० ते ३०० कॉलनींची प्लेटच ग्राह्य धरली जाते. २४ कॉलनींमध्ये केवळ योगायोगाने सुमारे पाचांचा फरक पडू शकतो, म्हणजे वीस टक्के. २१२ मध्ये हाच फरक सात टक्क्यांच्या आसपास असतो. तरीही ही प्लेट साक्षीदार म्हणून फार उपयोगी पडते. दहापट विरलनाने कॉलनी साधारण दहापट कमी व्हायला हव्यात, आणि इथे त्या जवळपास तशाच झाल्या आहेत. तिथे २४ ऐवजी ६० कॉलनी असत्या, तर मी आधी विचारले असते की प्रत्येक नळीसाठी पिपेटचे टोक बदलले होते का. दाट द्रवाने माखलेले टोक पुढच्या नळीत गेले की तिथली संख्या फुगते.

आता ओ.डी.कडे वळू. समुपदेशनात येण्यापूर्वी मी काही वर्षे प्रयोगशाळेत काम केले. तिथे नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात मी एक प्रयोग करायला लावत असे, आणि त्यातले एक उदाहरण माझ्या चांगले लक्षात आहे. ई. कोलाय ३७ अंशांवर, हलत्या इन्क्युबेटरमध्ये वाढत होता आणि वाचन ६०० नॅनोमीटरवर घेतले जात होते. ९० व्या मिनिटाला ०.१६, १२० व्या मिनिटाला ०.३२, म्हणजे अर्ध्या तासात दुप्पट. याच गतीने १८० व्या मिनिटाला १.२८ च्या आसपास वाचन यायला हवे होते, पण यंत्राने दाखवले ०.८५. वाढ मंदावली, असे मुलांनी वहीत लिहून टाकले. मग तोच द्रव त्याच ताज्या माध्यमाने दहापट विरल करून पुन्हा वाचला, तेव्हा ०.१२ आले. दहाने गुणले की १.२. प्लेटचा निकालही तेच सांगत होता. १२० व्या मिनिटाला मिलीला २५ कोटी होते, ते १८० व्या मिनिटाला ९६ कोटी झाले, म्हणजे जवळपास चौपट. वाढ किंचित मंदावली होती हे खरे, पण वक्र जो एवढा वाकलेला दिसत होता, तो मुख्यतः यंत्रामुळे.

याचे कारण असे की ओ.डी. इथे प्रकाशाचे शोषण मोजत नाही. जीवाणूंवर आदळून प्रकाश विखुरतो आणि त्यामुळे समोरच्या संवेदकापर्यंत कमी पोहोचतो, एवढेच ते वाचन सांगते. द्रव दाट झाला की एकदा विखुरलेला प्रकाश पुन्हा विखुरून संवेदकात परत येतो आणि वाचन खऱ्यापेक्षा कमी भरते. म्हणून साधारण ०.४ च्या पुढे विरल करूनच वाचावे. यंत्रांची रचना वेगवेगळी असल्याने एकच द्रव दोन यंत्रांवर वेगळे आकडे दाखवू शकतो. ‘ओ.डी. १ म्हणजे ८० कोटी’ हे पुस्तकातले वाक्य ई. कोलायपुरते आणि ढोबळ अंदाजापुरतेच ठेवावे.

तुम्हाला न आलेल्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. मेलेला जीवाणू फुटेपर्यंत प्रकाश विखुरतच राहतो, पण कॉलनी मात्र देत नाही. स्थिरावस्थेनंतर ओ.डी.ची रेषा सपाट दिसते आणि सीएफयू खाली येतात, ते यामुळे. ॲझोटोबॅक्टरच्या बाबतीत आणखी दोन अडचणी आहेत. त्याच्या जेन्सन माध्यमात कॅल्शियम कार्बोनेट असते, त्याचे न विरघळलेले कण स्वतःच गढूळपणा देतात आणि ब्लँक, म्हणजे तुलनेसाठीचे जीवाणूविरहित माध्यम, नीट ढवळून घेतला नाही तर वाचन भरकटते. शिवाय हा जीवाणू चिकट स्राव करून गुठळ्या बनवतो, आणि एका गुठळीतून एकच कॉलनी उगवते. म्हणूनच अहवालात ‘पेशी’ न लिहिता ‘सीएफयू’ लिहितात.

विभागाची निवड मी यावरूनच करायला सांगेन. किण्वन विभागात निर्णय घटकेत घ्यावा लागतो. पुढच्या टाकीत बीजद्रव केव्हा टाकायचा हे ठरवताना प्लेटसाठी दोन-तीन दिवस थांबता येत नाही, तिथे ओ.डी.च उपयोगी पडते. गुणवत्ता नियंत्रणात मात्र सहीखाली प्लेटचाच आकडा जातो. तुम्ही पाण्याच्या किंवा औषधाच्या तपासणीकडे वळलात, तर मिलीला एक कोटीच्या आसपास जीव असल्याशिवाय गढूळपणा नीट मोजताच येत नसल्याने ओ.डी.चा तिथे काहीच उपयोग नसतो. तुमच्या पत्रातून तुम्ही आकड्यांची चूक मनाला लावून घेणाऱ्या वाटता. अशा स्वभावाला गुणवत्ता नियंत्रण मानवते, असे माझे मत आहे. पण किण्वनाची ओढ असेल तर ती दाबू नका.

तयारीसाठी वेगळा कोर्स लावू नका. प्रबंधाच्या कामातच एक जीवाणू घ्या आणि दर अर्ध्या तासाला विरल करून घेतलेले ओ.डी. व दोन-दोन प्लेट अशी नोंद ठेवा. ओ.डी. आणि सीएफयू यांचा स्वतःच्या यंत्रावरचा आलेख काढा. त्या आलेखावर यंत्राचे मॉडेल, माध्यम आणि तापमान लिहायला विसरू नका. पुढच्या मुलाखतीला ती वही सोबत न्या, आणि आलेख कोणत्या ओ.डी.पासून वाकतो ते स्वतःहून दाखवा.