स्पेलिंग बीची तयारी: शब्द कुठल्या भाषेतला ते आधी विचारायचं

प्रश्न: मुलगी सातवीत आहे, स्पेलिंग बीसाठी निवड झालीये. सायलंट अक्षरं, बाहेरच्या भाषांतले शब्द आणि शेवटी 'एन्स' की 'अन्स', इथेच अडकते. तयारी कशी करून घेऊ?

उत्तर:
नुसत्या याद्या पाठ करून घेऊ नका, कारण स्टेजवर यादीबाहेरचा शब्द आला की सगळं अडतं. अमेरिकेतल्या स्क्रिप्स स्पेलिंग बीमध्ये मुलांना शब्दाचा अर्थ आणि मूळ भाषा विचारता येते, तुमच्याकडच्या नियमात हे चालत असेल तर तिला प्रत्येक शब्दाला भाषा विचारायची सवय लावा. 'श' ऐकू आला आणि भाषा फ्रेंच असेल तर बहुतेक सी-एच (पॅराशूट, शेफ), जर्मन असेल तर एस-सी-एच. ग्रीक असेल तर 'फ'ला पी-एच, 'क'ला बऱ्याचदा सी-एच, आणि सुरुवातीच्या 'स' किंवा 'न'च्या आधी सायलंट पी असू शकतो, सायकॉलॉजी न्यूमोनियासारखा.

एक उदाहरण बघा, 1999 साली नुपूर लाला ज्या शब्दावर स्क्रिप्स जिंकली तो लॉगरीआ, म्हणजे अति बडबड. नुसतं ऐकून कुणीही एकच आर लिहील आणि एच तर सुचणारच नाही. पण भाषा ग्रीक कळली की तुकडे पडतात, लोगो म्हणजे बोलणं आणि पुढचा तुकडा वाहण्याचा, तोच जो डायरियामध्ये आहे. मग डायरियाचं स्पेलिंग येणाऱ्या मुलीला आर-आर-एच-ई-ए आपोआप येतं. फक्त ब्रिटिश स्पेलिंगमध्ये तिथे ओ-ई-ए असतं, म्हणून स्पर्धेला कुठली डिक्शनरी धरतात ते आयोजकांना आत्ताच विचारून घ्या.

भाषेवरून नाही कळलं तर शब्दाचा नातेवाईक शोधायचा, म्हणजे जिथे ते अक्षर ऐकू येतं असा भाऊबंद. ऑटममधला शेवटचा एन ऑटम्नलमध्ये ऐकू येतो, मसलमधला सी मस्क्युलरमध्ये. शेवटांनाही हेच लागू पडतं: कॉन्फिडेन्शलमध्ये 'डे' स्पष्ट ऐकू येतो म्हणून कॉन्फिडन्सला ई-एन-सी-ई, सबस्टॅन्शलमध्ये 'टॅ' ऐकू येतो म्हणून सबस्टन्सला ए-एन-सी-ई. ॲडमिरेशन आहे म्हणून ॲडमिरेबल ए-बी-एल-ई. ज्यांना असा नातेवाईकच नाही तेवढेच शब्द वेगळ्या वहीत काढून पाठ करायचे, ती वही बरीच लहान होते.

खूप आधी इंग्रजीत गेलेल्या शब्दांना मात्र भाषेची युक्ती फसते. आपला मुंगूस तिकडे एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई झालाय, मराठी माहीत असून काही उपयोग नाही, असे पाठच करावे लागतात.

आणि घरी सराव घेताना तिला शब्द देवनागरीत लिहू देऊ नका, आपण सगळे अस्पष्ट स्वर 'अ' लिहून मोकळे होतो आणि ए, ई, ओ मधला फरक तिथेच पुसला जातो. तुम्ही शब्द म्हणा, तिने अर्थ आणि भाषा विचारावी, मग तोंडी अक्षरं सांगावीत. चुकली तर बरोबर स्पेलिंग लगेच सांगू नका, आधी विचारा की हे अक्षर का निवडलंस, त्यावरून कळतं की भाषा चुकली का नातेवाईक.