बारा मजल्यांना सहा माणसांच्या दोन लिफ्ट पुरतील का?

प्रश्न: सांगलीत आमच्या इमारतीत पार्किंगवर बारा मजले आणि दर मजल्यावर चार फ्लॅट आहेत. बिल्डर सहा माणसांच्या दोन लिफ्ट देतो म्हणतो. पुरतील का? करारात काय लिहून घ्यावे?

उत्तर: दोन्ही चालू असतील तर पुरतील; एक बंद पडली की पुरणार नाहीत, आणि तपासायचे ते हेच.

तुमच्या ४८ फ्लॅटमध्ये, घरटी पाच धरून, २४० माणसे होतात. केबिन ऐंशी टक्के भरते असे धरतात, म्हणजे सहाच्या लिफ्टमध्ये पाचच्या आत माणसे. ती चारेक मजल्यांवर थांबते, आणि सेकंदाला एक मीटर वेगाने वर जाऊन परत येण्यास सुमारे १२० सेकंद घेते. दोन लिफ्ट मिळून पाच मिनिटांत २४ माणसे, म्हणजे दहा टक्के रहिवासी, वाहून नेतात. निवासी इमारतीला साधारण सात टक्के पुरतात. मात्र एकच लिफ्ट चालू असताना हा आकडा पाचवर येतो.

म्हणून माझे मत असे की एक लिफ्ट तेरा माणसांची, ८८४ किलोची, घ्यावी. तिची फेरी पावणेतीन मिनिटांची होते, म्हणजे ताटकळणे वाढते. तरी ती एकटीही जवळजवळ आठ टक्के लोक नेते, आणि केबिन पुरेशी खोल ठेवली तर स्ट्रेचरही आडवे मावते. शिवाय राष्ट्रीय इमारत संहितेनुसार पंधरा मीटरवरील इमारतीत लागणारी अग्निशमन लिफ्ट किमान ५४५ किलोची, म्हणजे आठ माणसांची असावी लागते आणि ती एका मिनिटात वरच्या मजल्यावर पोहोचली पाहिजे, त्यामुळे सहाच्या दोन लिफ्टचा प्रस्ताव तिथेच अडतो.

वेग दीड मीटर केला तर फेरीत वीसेक सेकंदच वाचतात, कारण उरलेला वेळ दारे उघडण्यात, मिटण्यात आणि थांबून पुन्हा निघण्यात जातो. हा खर्च करण्याआधी स्वयंचलित दारे मागावीत आणि त्यांच्या उघडण्या-मिटण्याचे सेकंद तपशिलात लिहून घ्यावेत.

देखभालीच्या करारात सर्वात महत्त्वाची अट कंट्रोलरची, म्हणजे लिफ्ट चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची आहे: त्याचा पासवर्ड आणि दोष वाचण्याचे साधन सोसायटीच्या ताब्यात मिळाले पाहिजे, नाहीतर दुसरा ठेकेदार बोलावताच येत नाही आणि दर तोच कंपनीवाला ठरवतो. वीज गेल्यावर केबिन जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणाऱ्या यंत्रणेची बॅटरी कोण, किती काळाने बदलणार, तसेच अडकलेल्या माणसाला किती मिनिटांत सोडवणार, हे आकड्यांत लिहावे. सुटे भाग करारात धरले आहेत की नाहीत, हेही स्पष्ट असावे.

२०१९ चा कृष्णेचा पूर आठवत असेल, तर इमारत पूरपट्ट्यात असल्यास पिटमध्ये, म्हणजे लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात, पाण्याचा सेन्सर मागा, जो पाणी चढताच केबिन वरच्या मजल्यावर नेऊन थांबवेल. पिटमधील स्विच आणि वायरिंग भिजले की तपासणी होईपर्यंत लिफ्ट सुरू करता येत नाही.