इंग्रजी पोस्टर मराठीत आणताना आधी आलेख घ्या

प्रश्न: कपाशीच्या गुलाबी बोंडअळीवरचं कॉन्फरन्सचं पोस्टर तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मराठीत करायचं आहे. मजकूर कमी करायचाय, पण आलेख लोकांना कळले पाहिजेत. सुरुवात कुठून करू?

मजकुराला नंतर हात लावा, आधी आलेख घ्या. तो स्वतः बोलू लागला की भोवतालचं निम्मं लिखाण गळून पडतं. अशा पोस्टरवर बहुधा कामगंध सापळ्यात सापडलेल्या पतंगांचा रेषालेख असतो, त्यावरच सांगतो.

खालच्या अक्षावर ३०, ३६, ४० असे आकडे असतील तर ते हवामानाचे प्रमाणित आठवडे आहेत. वावरात राबणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. ३०वा आठवडा म्हणजे २३ ते २९ जुलै, ३६वा ३ ते ९ सप्टेंबर आणि ४०वा १ ते ७ ऑक्टोबर. आकडे काढून तारखा लिहा आणि त्याखाली पऱ्हाटीची अवस्था द्या: पात्या, फुलं, बोंडं. ही अवस्था मूळ पोस्टरमधल्या लागवडीच्या तारखेवरून काढा, अंदाजाने नको.

खरी गडबड उभ्या अक्षावर होते. मूळ आकडे बऱ्याचदा आठवड्याचे असतात, तर शेतकऱ्याला माहीत असलेली धोक्याची पातळी रोजची: प्रत्येक सापळ्यात रोज ८ पतंग, तेही सलग ३ दिवस. समजा ३६व्या आठवड्यात प्रति सापळा २१ आणि ४०व्यात ७० पतंग आहेत. सातने भागलं की रोजचे ३ आणि १० होतात. मग ८वर लाल तुटक रेषा ओढा. न भागता ओढलीत तर सप्टेंबरच्या सुरुवातीलाच फवारणीची वेळ झाली असं दिसेल, आणि प्रदर्शनातून घरी गेलेला माणूस तसं करेलही! शेजारी एवढं लिहा की ही आठवड्याची सरासरी आहे, सलग ३ दिवसांचा हिशोब स्वतःच्या सापळ्यावरूनच करायचा.

उपचारांची तुलना करणाऱ्या स्तंभांवर a, ab, b अशी अक्षरं असतात. ती सरळ खोडू नका. ज्या दोन स्तंभांत एक तरी अक्षर सामाईक आहे, त्यांच्यातला फरक सिद्ध झालेला नाही. अक्षरं गेली की लोक उंच स्तंभ पाहून ‘हेच औषध भारी’ म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी स्तंभांखाली साधं वाक्य टाका: ‘पहिल्या आणि दुसऱ्या उपचारात खात्रीचा फरक आढळला नाही.’ रंगांची यादी कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा नाव थेट रेषेच्या टोकाशी लिहा.

आता मजकूर. प्रस्तावना, संदर्भ, सांख्यिकीच्या चाचणीचं नाव हे सगळं जाऊ द्या. कुठे, कोणत्या हंगामात, किती सापळे लावले हे एका ओळीत राहू द्या. आणि सापळ्यात फक्त नर पतंग येतात हे वाक्य कितीही जागा कमी पडली तरी कापू नका. नाहीतर लोक पतंगांच्या आकड्यालाच अळ्यांचा आकडा समजतात. फुलातलं नुकसान पाहायला डोमकळीचा एक मोठा फोटो पुरतो.

फ्लेक्सवाल्याला फाइल देताना अक्षरांचं कर्व्हमध्ये रूपांतर करून पीडीएफ द्या आणि छापण्याआधी पडद्यावर ‘पऱ्हाटी’ हा शब्द डोळ्यांनी तपासा. फाँट बिघडला असेल तर आधी तोच ‘ऱ्ह’ फुटतो.