पहिल्या स्टेजनंतरचं कॅप्शन लिहिताना हात का अडतो

"मॅडम, गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात पहिल्यांदा स्टेजवर गायले, भूपातला छोटा ख्याल आणि थोड्या ताना. फोटो छान आलाय पण कॅप्शनच होत नाहीये, लिहिते आणि खोडते. सरांबद्दल लिहिलं की चमचेगिरी वाटते, आई-बाबा माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते ते लिहू की नको कळत नाही, आणि एका तानेनंतर मी समेवर आलेच नाही, ते आधीच कबूल करून टाकू का? एवढ्याशा गोष्टीचं एवढं टेन्शन नॉर्मल आहे का?"

हो, नॉर्मल आहे. गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम झाले की असं कुणी ना कुणी माझ्याकडे येतंच, आणि दरवेळी विषय कॅप्शनचा म्हणून सुरू होतो आणि निघतो भलतीकडेच. तुला एका बाईची केस सांगते, तिच्या परवानगीने आणि ओळख कळणार नाही इतपत तपशील बदलून. ती गाणारी नाही, कथकवाली, पण अडकली होती अगदी तुझ्याच जागी.

बँकेत नोकरी, वय 38, एक मुलगी शाळेत. लग्नाआधी शिकायचं राहून गेलं म्हणून तिशी उलटल्यावर क्लास लावला, लहान मुलींच्या बॅचमध्ये उभं राहून तत्कार केला, परीक्षा देत देत मध्यमापर्यंत आली आणि मग ताईंनी सांगितलं की यंदा गुरुपौर्णिमेला तू एकटी तीनताल करायचास. थाट, आमद, काही तोडे आणि शेवटी एक चक्रदार. कार्यक्रम झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि नंतर आठवडाभर बाईंना झोप नाही कारण फोटोखाली काय लिहायचं ते सुचेना. तिने मला फोनवरचा ड्राफ्ट दाखवला. "आज माझं अरंगेत्रम पार पडलं. परमपूज्य गुरु पंडिता अमुक अमुक यांच्या चरणी कोटी कोटी प्रणाम, माझ्यासारख्या दगडाला त्यांनी आकार दिला. खूप चुका झाल्या, सांभाळून घ्या. घरच्यांनी खूप सपोर्ट केला. चुकभूल द्यावी घ्यावी."

आता यात त्या संध्याकाळचं काहीच नाहीये बघ. हे कुणाच्याही फोटोखाली चालेल. फक्त माफी मात्र दोनदा मागितलीय, म्हणजे हात तिथेच अडत होता. म्हणून कॅप्शन बाजूला ठेवलं आणि आधी ती चूक काढली बोलायला.

चक्रदार म्हणजे काय हे तुला माहीत असेलच, तिहाईसकट अख्खा बोल तीनदा घ्यायचा आणि शेवटचा धा बरोब्बर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर पडायला हवा. घरी, क्लासमध्ये शंभर वेळा झालेला असतो. पण स्टेजवर छाती धडधडत असते आणि माणूस त्या नादात पुढे पळायला लागतो, लेहरा, म्हणजे साथीला संवादिनीवर फिरत राहणारी धून, आहे त्याच लयीत असतो. ताई बाजूला बसून तोंडाने बोल म्हणत होत्या, त्या पढंतीच्या ती तिसऱ्या पल्ल्यात पुढे गेली आणि एक मात्रा आधीच पोज घेऊन उभी राहिली. एवढंच झालं होतं. पण तिच्या डोक्यात त्याचा सिनेमा झाला होता, मी दहा सेकंद बावळटासारखी उभी होते, सगळे हसले, ताईंचं नाक कापलं.

कार्यक्रम संपल्यावर डोकं तोच प्रसंग पुन्हा पुन्हा वाजवत बसतं, आणि गंमत म्हणजे त्यात प्रेक्षकांना काय दिसलं ते नसतं, आपल्याला आतून काय वाटलं तेच 'दिसलं' म्हणून चिकटतं. क्लार्क आणि वेल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये चारचौघांतल्या भीतीबद्दल जी मांडणी केली त्यात या नंतरच्या रवंथाला वेगळी जागा दिलीय, आणि यावर व्हिडिओचा एक साधा उपाय आम्ही वापरतो. पण व्हिडिओ नुसता लावून बघायचा नाही, त्याने उलटंच होतं, माणूस फक्त चुका शोधत बसतो. आधी कागदावर लिहायचं की मला व्हिडिओत नेमकं काय दिसेल, किती सेकंद, चेहरा कसा, प्रेक्षक काय करतील. मग डोळे मिटून ते चित्र एकदा पूर्ण आठवायचं. आणि त्यानंतर व्हिडिओ बघायचा, तो पण आपली ओळखच नसलेल्या बाईचा नाच बघतोय असं ठरवून, आतून काय वाटलं होतं ते मधे आणायचं नाही.

तिने लिहिलं, दहा सेकंद, चेहरा लालभडक, पहिल्या रांगेत कुजबुज. मुलीने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ होता, उभा धरून, हलणारा, मधेच समोरच्या काकांचं डोकं. त्यात दिसलं काय, तर ती पोज घेऊन उभी आहे, हात स्थिर, आणि मग तबल्याची सम पडते. त्या लयीत ती एक मात्रा धड एक सेकंदाची पण नाही. कुजबुज नाही, हशा नाही, टाळ्या. तिने तीनदा मागे घेऊन बघितलं आणि म्हणाली, अहो, ताई बघा ना काय करतायत. पढंतीला बसलेल्या ताईंनी शेवटचा धा एवढा ठासून म्हटला होता, हाताने सम दाखवली होती, आणि तबलजींकडे बघून मान हलवली, मग ठेक्याचं एक अख्खं आवर्तन नुसतं जाऊ दिलं. हे तिला स्टेजवर कळलंच नव्हतं. शिष्येला श्वास घ्यायला मिळाला आणि बघणाऱ्याला वाटलं की हे असंच बसवलंय.

मग मी तिला विचारलं, कॅप्शनमध्ये चूक लिहायचीच आहे का अजून? माझं स्पष्ट मत आहे की नको. जाणकाराला ती तेव्हाच कळलेली असते, न कळणाऱ्याला तू सांगितल्यावर तो व्हिडिओत शोधत बसतो, आणि दुसरं म्हणजे स्टेजवर आपण एकटे नसतो. तबला, लेहरा, पढंत, सगळ्यांनी मिळून ते सांभाळलेलं असतं आणि आपण चव्हाट्यावर 'खूप चुका झाल्या' म्हणतो तेव्हा त्यांचंही काम त्यात जातं. वाटलंच तर सांभाळणाऱ्याचं लिही.

यातूनच आभाराचं पण सुटलं. तिला म्हटलं, 'परमपूज्य' वगैरे सोड, स्टेजवर जायच्या आधीच्या पंधरा मिनिटांत ताईंनी काय केलं ते सांग, डोळ्यांना दिसलं तेवढंच. ती थोडा वेळ गप्प, मग म्हणाली, मी घुंगरू बांधले तर ताईंनी वाकून बघितलं, दोरीचं टोक आत खोचलंय का ते, आणि म्हणाल्या घाई वाटली तर माझ्या हाताकडे बघ. बास. हे चमचेगिरी वाटूच शकत नाही, कारण हे दुसऱ्या कुणाच्या गुरूबद्दल लिहिताच येणार नाही. विशेषणं कुणालाही चिकटतात, म्हणून ती खोटी वाटायला लागतात, तुमच्या मनात खरी असली तरी.

दोन शब्द मात्र मी तिला ताईंना विचारून घ्यायला लावले. एक 'अरंगेत्रम'. हा भरतनाट्यमचा शब्द, तिथे शिष्या अलारिपूपासून तिल्लानापर्यंत अख्खा मार्गम एकटी करते, कथकमध्ये रंगमंच प्रवेश म्हणतात आणि तो पण पूर्ण वेळाचा स्वतंत्र कार्यक्रम असतो. गुरुपौर्णिमेतल्या एका तीनतालाला एवढं मोठं नाव दिलं की कौतुक बाजूलाच राहतं, क्लासमधल्या सीनियर मुलीच आधी भुवया उंचावतात आणि गुरूला उगाच अवघडल्यासारखं होतं. दुसरा 'पंडिता'. पत्रिकेवर गुरूंचं नाव जसं छापलंय तसंच घ्यायचं, आपण प्रेमापोटी पदवी वाढवायची नाही. ताई हसल्या म्हणे, आणि दोन्ही काढायला सांगितलं.

घरच्यांचा भाग सगळ्यात नाजूक. सासूबाईंनी निघताना नजर काढली होती, नवरा विंगेजवळ पाण्याची बाटली घेऊन, आणि तिचे बाबा, त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत जागा धरलेली असूनही, शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभे, कारण आपला चेहरा बघून पोरगी अजून घाबरेल म्हणून. हिला लिहायचं होतं, 'बाबांना तर घामच फुटला होता'. मी म्हटलं त्यांना फोन करून विचार. ते म्हणाले, घामाचं नको लिहूस, माझे ऑफिसवाले बघतात. उभा होतो ते लिही. लोकांना आपली भीती जगाने बघितलेली आवडत नाही, पण त्या भीतीपोटी त्यांनी जे केलं ते लिहिलं तर चालतं, उलट आवडतं. सासूबाईंना मात्र नजर काढल्याचं लिहिलेलं पाहिजेच होतं, तसं बजावलं त्यांनी!

शेवटी जे टाकलं ते असं होतं:

"पहिल्यांदा स्टेजवर एकटीने तीनताल केला. जायच्या आधी ताईंनी घुंगरांच्या दोरीचं टोक नीट खोचलंय का बघितलं आणि सांगितलं, घाई वाटली तर माझ्या हाताकडे बघ. मी बघायची विसरले, तरी त्यांच्या पढंतीने मला समेवर धरून ठेवलं. तबला आणि संवादिनीच्या साथीशिवाय हे झालंच नसतं. आईंनी नजर काढली, बाबा पूर्ण वेळ मागे उभे होते, आणि व्हिडिओ लेकीने काढलाय म्हणून थोडा हलतोय."

खऱ्या पोस्टमध्ये ताईंचं आणि दोन्ही साथीदारांचं पूर्ण नाव होतं, मी इथे काढलंय.

तुझ्याबाबतीत फरक एवढाच की गाण्यात साथीला तंबोऱ्यावर बसलेली मैत्रीण असते आणि तिला हमखास विसरतात, तबला-पेटीबरोबर तिचं नाव घे. रागाचं नाव लिहितेस तर ताल पण लिही, गाणारे लोक ते वाचतात. समेचं म्हणशील तर आधी रेकॉर्डिंगवर वरचा कागदाचा प्रकार कर, आणि खरंच सम हुकलेली दिसली तर पुढच्या तालमीला सरांना विचार की तान कुठून उचलली असती तर बसली असती, त्या प्रश्नाची जागा क्लासमध्ये आहे. सरांना पोस्ट आधी दाखव, विशेषतः व्हिडिओ जोडणार असशील तर, कारण शिष्याचं गाणं कधी बाहेर टाकायचं याबद्दल अनेक गुरूंचं ठाम मत असतं आणि ते तुला अजून माहीत नसेल. आईबाबांना टॅग करायच्या आधी त्यांची ओळ त्यांना वाचून दाखव.

आणि हे सगळं करून पण महिनाभराने तोच प्रसंग रात्री डोक्यात फिरत असेल, क्लासला दांड्या पडायला लागल्या असतील किंवा पुढच्या कार्यक्रमाला तू कारणं काढायला लागली असशील, तर तो कॅप्शनचा विषय राहिलेला नाही, तेव्हा कुणा समुपदेशकाला प्रत्यक्ष भेट. आत्ता तुझ्या पत्रावरून तरी मला तसं वाटत नाहीये. कॅप्शन फोनच्या नोट्समध्ये लिही, एक रात्र जाऊ दे, सकाळी एकदा वाच आणि टाक.